इस्त्रीखाली गेलेली स्लिप

कडकने आणलेला अर्ज दोन पानांचा होता आणि दोन्ही पानांवर एकही आकडा नव्हता.

कडक म्हणजे माझ्या दुकानापासून तिसऱ्या शटरमधला इस्त्रीवाला. त्याने इस्त्री केलेला शर्ट खुर्चीवर ठेवला तर स्वतःच्या पायावर उभा राहील, इतकी घडी. म्हणून सगळी गल्ली त्याला कडक म्हणते. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे बँक. बँकेतून परत पाठवलेली माणसं थेट माझ्याकडे येतात. बँकेने मला यासाठी काहीतरी महिना द्यायला हवा, पण ती बँक आहे.

"ताई, हे नीट टाइप करून द्या. हाताने लिहिलंय म्हणून घेत नाहीत."

मी वाचलं. 'मॅनेजरसाहेब, तुमच्या मशीनने माझ्या म्हाताऱ्या आईला फसवले. तुम्हाला आया नाहीत का? मागे एके दिवशी ती पैसे काढायला गेली असता पैसे आले नाहीत, पण खात्यातून गेले. बरीच मोठी रक्कम आहे. गरिबाला कोणी वाली नाही हेच खरे.' पुढे दीड पान असंच. शेवटी खाली त्याची सही.

"हाताने लिहिलंय म्हणून परत केलं, असं म्हणाले?"

"काचेमागची मॅडम म्हणाली, तपशील अपुरा आहे. आणि कागद इकडे सरकवला."

"कुठला तपशील, ते सांगितलं?"

"नाही."

याचाच मला संताप येतो. तीन शब्द फेकायचे आणि कागद सरकवायचा. काय आणायचं ते सांगायला आणखी एक मिनिट लागलं असतं. ते एक मिनिट कुणाकडेच नाही. मग माणूस उन्हातून चार खेपा घालतो आणि पाचव्या वेळी सोडून देतो. सोडून दिलेले पैसे कुठे जातात, हे मी इथे लिहीत नाही, कारण मला ते कळलेलं नाही. कळलं की लिहीन.

"बस," मी म्हटलं. "'एके दिवशी' ही तारीख नसते. 'बरीच मोठी' ही रक्कम नसते. आणि बँकेच्या कुठल्याही फॉर्मवर रागाला रकाना नसतो. खातं कुणाचं?"

"आईचं."

"मग तुझी सही का? अर्ज खातेदाराचा लागतो. आईला घेऊन ये."

"तिला कशाला त्रास? हल्ली तिचं जरा..." असं म्हणून त्याने कपाळाशी बोट फिरवलं. अगदी हळू फिरवलं, जणू स्वतःलाच दिसू नये.

त्याची आई म्हणजे आमच्या गल्लीची मावशी. नवरा अंथरुणाला खिळल्यावर तिने तीस वर्षं ते इस्त्रीचं दुकान ओढलं. कोळशाच्या इस्त्रीवर सुरुवात केली. पोराच्या हातात इस्त्री तिनेच दिली. बँकेत ती कायम एकटी जायची, पाकीट पदराखाली, मान ताठ. गेल्या महिन्याभरात मात्र मी तिला एकटी पाहिली नव्हती.

"खरं सांग," मी म्हटलं. "काय झालंय?"

मग निघालं. मावशी मशीनवर गेली होती. घरी येऊन म्हणाली, पहिल्यांदा पैसे आलेच नाहीत, पुन्हा कार्ड घातलं तेव्हा आले. पण पासबुकात दोनदा गेल्याची नोंद. बायको म्हणाली, आईंनी दोनदा काढले आणि एकदाचे कुठेतरी ठेवून विसरल्या. त्याच आठवड्यात मावशीने गॅसवर दूध ठेवलं आणि ते करपलं. झालं. परगावच्या बहिणीचा फोन आला, डॉक्टरला दाखवा. कार्ड बायकोच्या कपाटात गेलं. आता खात्यावर कडकचंही नाव चढवायचं, म्हणजे आईने बँकेत जायलाच नको, असं ठरत होतं.

"दूध माझंही करपतं," मी म्हटलं. "माझ्या दुकानाला कुलूप लावून चावी नेलीस का कधी? तुला काय वाटतं, मावशी विसरली?"

त्याचे कान लाल झाले. त्या लाल कानांचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

"पासबुक आजचं भरून आण," मी सांगितलं. "कार्ड आण, मला फक्त शेवटचे चार आकडे लागतील. बँकेचे मेसेज येतात तो फोन आण. ज्या मशीनवर गेली त्या मशीनवर एक नंबर चिकटवलेला असतो, तो लिहून आण. आणि त्या मशीनमधून निघालेली स्लिप."

"स्लिप नव्हती," तो पटकन म्हणाला.

"बरं. उरलेलं आण. आणि आईला आण. उशीर करू नकोस, मशीनवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण ते कायमचं ठेवत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आली. मावशीने इस्त्रीची साडी नेसली होती, पण चालताना ती पोराच्या मागे एक पाऊल होती. तीस वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं. मी स्टूल पुढे केलं.

"मावशी, बसा. पाणी देऊ?"

"नको गं. तुझं काम चालू दे. याने उगीच आणलं मला. माझ्या बोलण्याचा आता काही भरवसा नाही म्हणे." हसून म्हणाली. ते हसणं बघवेना.

मी पासबुक उघडलं. चौदा तारीख. एकाखाली एक दोन ओळी. पाच हजार, पाच हजार. दोन्हींपुढे मशीनमधून काढल्याचं लिहिलेलं आणि प्रत्येकापुढे लांबलचक बारा आकडी संदर्भ नंबर. एक शेवटी सातशे एक्केचाळीस, दुसरा सातशे सेहेचाळीस. वेळ कुठेच नाही. पासबुक वेळ छापत नाही.

"मेसेजवर वेळ असते. फोन?"

"बँकेत बाबांचा नंबर आहे," कडक म्हणाला. "ते गेले आणि तो बंद झाला. कुणी बदललाच नाही."

"म्हणजे तुमच्या घराला बँक इतकी वर्षं मेसेज पाठवतेय आणि ते जातायत वर. तोही अर्ज करू, नंबर बदलायचा. आधी हा." मी दोन ओळींवर पट्टी ठेवली. "यातला एक व्यवहार बरोबर आहे, पैसे आले. एक चुकलाय. आपण चुकलेल्याचाच नंबर द्यायला हवा. बरोबर असलेल्याचा दिला, तर बँक मशीनची नोंद बघणार, नोटा बाहेर गेलेल्या दिसणार, आणि उत्तर येणार, व्यवहार यशस्वी, तक्रार बंद. मग पुन्हा उघडायला नाकी नऊ."

"दोन्ही लिहू," कडक म्हणाला.

"काहीच नाही मिळालं तर तसंच करू. पण मग ते काय म्हणतील? खातेदाराला स्वतःलाच नक्की माहीत नाही."

मावशीने मान खाली घातली. मला जीभ चावावीशी वाटली.

"मशीन याच बँकेचं का?" मी विषय बदलला.

"नाही, चौकातलं. दुसऱ्या बँकेचं," कडक म्हणाला. "आधी मी त्याच बँकेत गेलो होतो. ते म्हणाले, आमच्याकडे काय येता."

"त्यांचं बरोबर आहे. कार्ड ज्या बँकेचं, अर्ज त्या बँकेत. पुढचं ते आपापसात बघतात. मावशी, आता तुम्ही सांगा. अगदी पहिल्यापासून. घाई नाही."

मावशीने पोराकडे पाहिलं. जणू परवानगी हवी होती. मग म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्याचे कोट आले होते. पांढरे. बावीस. एकाच्या खिशात पेन फुटलं होतं, निळा डाग. मी याला म्हटलं, तो बाजूला ठेव, डागावर इस्त्री फिरवू नको, पक्का होईल. मग मी मशीनवर गेले. माझ्या आधी एक बाई होती, तिच्या पिशवीतून कोथिंबीर बाहेर आलेली. मी कार्ड घातलं, माझा तो चोरटा नंबर दाबला. तुला सांगते नंबर, लिहून घे, सात..."

"मावशी!" मी दोन्ही कानांवर हात ठेवले. "तो नंबर मला नाही, मॅनेजरला नाही, देवालाही नाही. अर्जात तो कधीच नसतो. जो मागेल तो चोर समजा."

"याला पण नाही सांगितलाय," ती म्हणाली आणि जरा ताठ बसली. "मग आत नोटा मोजल्याचा आवाज आला. खरखर खरखर. मग दार उघडलंच नाही. कार्ड बाहेर आलं. आणि स्लिप..." ती थांबली.

"स्लिप?"

"स्लिप आली होती की. मी हातात घेतली. मग पुन्हा कार्ड घातलं, तेव्हा पैसे आले, त्या वेळी नाही घेतली स्लिप, मागे माणसं उभी होती. पहिली आणून याच्या..." तिने पोराकडे पाहिलं. तो पासबुकाकडे बघत होता. मावशीचा आवाज एकदम खाली आला. "नसेल गं. हा म्हणतो नव्हतीच. मला वाटलं असेल. हल्ली असं होतं माझं. जे नाही ते डोळ्यांसमोर दिसतं."

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. पाच हजार मिळतील न मिळतील. पण ही बाई माझ्यासमोर बसून स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवत होती, आणि तेही अगदी सवयीने.

"कडक," मी म्हटलं, "तुझी वही आण. कपड्यांची."

इस्त्रीवाल्यांची वही म्हणजे कुणाचे किती नग आले, किती गेले. तो आणायला गेला आणि आला. मी चौदा तारीख काढली. 'दवाखाना, कोट २२. एक डाग, बाजूला.'

"बावीस," मी मोठ्याने वाचलं. "आणि डागसुद्धा. मावशी, तुम्हाला महिन्यामागच्या एका पेनाचा डाग आठवतोय. मला काल काय जेवले ते आठवत नाही. आणि तुम्हाला नसलेली स्लिप दिसते?"

कडक उठला. "आलोच," एवढं म्हणून गेला. मी दारातून डोकावून पाहिलं. तो शटरच्या तोंडाशी मांडलेल्या इस्त्रीच्या टेबलावरचं जाड कापड उचलताना दिसला, त्याखालची घोंगडी उचलताना दिसला. मग तो आला आणि त्याने माझ्यासमोर एक कागद ठेवला.

काळा. त्या स्लिपच्या खालच्या भागावर इस्त्रीचा आकार उमटला होता, खाली रुंद, वर निमुळतं होत गेलेलं टोक. टोकाच्या दोन्ही बाजूंना कागद पांढरा होता.

"खिशात चुरगळली होती," तो म्हणाला. आईकडे न बघता माझ्याकडे बघत. "बँकेत द्यायची म्हणजे नीट असावी म्हणून... सरळ करायला ठेवली. टेकवली आणि क्षणात काळी. मी उचललीच लगेच. पण तोवर..."

"हा कागद उष्णतेनेच छापतात," मी म्हटलं. "शाई नसते त्याला."

"मला काय माहीत! मी दिवसभर कापडच बघतो." त्याचा आवाज फाटला. "बायकोने विचारलं, स्लिप कुठंय. मी म्हटलं, नव्हती. एकदा म्हटलं ना, मग पुन्हा फिरवता येईना. मग ती म्हणाली, म्हणजे आईच चुकल्या. मग बहिणीचा फोन. मग कार्ड. दर वेळी म्हटलं, आता सांगू. महिना गेला. म्हणून तर अर्ज लिहिला, म्हटलं निदान पैसे आले तर..."

आता मला त्या दोन पानांतला राग कळला. तो मॅनेजरवर नव्हता.

मला त्याला चार शब्द सुनावायचे होते, आणि माझे चार शब्द गल्लीला माहीत आहेत. पण मावशीने हात वर केला. तिने स्लिप उचलली. डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली. अंगठा काळ्या भागावरून हळूच फिरवला, जशी ती कापडाचा पोत बघते.

"म्हणजे होती," ती म्हणाली.

"होती, आई."

"मी हातात घेतली होती."

"घेतली होतीस. मला दिलीस."

मग ती रडली. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, अगदी थोडं. कडक तिच्या पायाशी जमिनीवर बसला, एवढा पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि त्याला हात कुठे ठेवावेत कळेना. मी उठून झेरॉक्स मशीन उगाच पुसलं.

"गाढवा," मावशी शेवटी म्हणाली. "तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? माहीत नसलेलं कापड आलं की?"

"आधी कोपऱ्याला टेकवून बघायचं," तो खालूनच म्हणाला.

"मग?"

"नाही बघितलं."

"सगळी इस्त्री ठेवलीस. तीन वर्षाच्या पोरालासुद्धा..." आणि तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली. टपली मारलेला हात तिने तिथेच राहू दिला.

मी खिडकीपाशी उजेडात स्लिप धरली. वरच्या भागाला काही झालं नव्हतं. तारीख चौदा. वेळ अकरा वाजून सात मिनिटं. मशीनचा नंबरही होता, कडकने लिहून आणला होता तोच. रक्कम इस्त्रीखाली गेली होती, पण रक्कम पासबुकात होती. संदर्भ नंबराची ओळ टोकाशी आली होती, मधले आकडे काळे, उजव्या कडेला फक्त तीन वाचता येत होते.

"मावशी, वाचा. चष्मा लावा."

"सात... चार... एक."

मी पासबुकातल्या दोन ओळींपैकी पहिलीवर पट्टी ठेवली. सातशे एक्केचाळीस.

"हाच चुकलेला. तुम्ही म्हणालात तेच. पहिल्यांदा आले नाहीत."

आधी मी स्लिपच्या दोन झेरॉक्स काढल्या, कारण हा कागद इस्त्री न करताही काही महिन्यांत पुसट होतो. मग अर्ज टाइप केला. एक पानसुद्धा भरलं नाही. खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे. तारीख, वेळ, मशीन कुठलं, त्याचा नंबर. रक्कम. संदर्भ नंबर पूर्ण, पासबुकातून उतरवलेला. काय घडलं ते तीन ओळींत. लगेच दुसऱ्यांदा केलेला व्यवहार वेगळा आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही, हेही. मागणी, खात्यात रक्कम परत जमा करावी. सोबत काय जोडलंय. संपर्काचा चालू फोन.

"माझं गरिबाला वाली नाही, ते?" कडकने विचारलं.

"ते काढलं."

"आया नाहीत का, ते?"

"ते तुझ्यासाठी ठेवलंय."

मावशी पहिल्यांदा मनापासून हसली. मग म्हणाली, "एक ओळ घाल. स्लिप मला मिळाली होती, असं."

अर्जाला त्या ओळीची तशी गरज नव्हती, स्लिप जोडलेलीच होती. मी घातली. 'पहिल्या व्यवहारानंतर मशीनमधून निघालेली स्लिप मी स्वतः हातात घेतली. ती नंतर घरी उष्णतेने काळी पडली, वाचता येणारा भाग सोबत आहे.' मावशीने सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर उभं.

बँकेत मी सोबत गेले. दुकानाला पाच मिनिटं कुलूप. काचेमागची मॅडम अर्ज वाचू लागली. मध्येच कुठे थांबली नाही. खाली गेली, बोटाने नंबर धरला, पासबुकाशी ताडून पाहिला. काळी स्लिप उलटसुलट केली.

"हे काय झालंय?"

कडकने तोंड उघडलं. मावशी आधी बोलली. "आमच्या घरी इस्त्रीचा धंदा आहे."

मॅडमला हसू आवरेना. तिने तक्रार क्रमांक लिहून दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख टाकली. मी तिला सांगितलं, "मागच्या वेळी काय आणायचं तेवढं सांगितलं असतंत, तर ही खेप वाचली असती." तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि ही खेप नुसत्या पाच हजारांची नव्हती," मी म्हटलं. तिला कळलं की नाही कोण जाणे. पण तिने मागून एक कोरा कागद घेतला, त्यावर काय काय लागतं ते लिहिलं आणि काचेवर आतून चिकटवला. वाकडा चिकटवला. तरी चिकटवला.

त्याच संध्याकाळी कडकने बायकोसमोर सगळं कबूल केलं, बहिणीला फोन लावून पुन्हा एकदा. दोघींनी त्याला कसं सोलून काढलं हे गल्लीने ऐकलं. बायकोने कपाटातून कार्ड काढून सासूच्या हातात दिलं, म्हणाली, "आई, चुकलं." खात्यावर दुसरं नाव चढवायचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

अकरा दिवसांनी पैसे आले. मावशीने पासबुक आणून दाखवलं, जमेच्या रकान्यात पाच हजार. ती एकटी आली होती, मान ताठ. तिने पाकिटातून एक नवी, पांढरीशुभ्र स्लिप काढली. येता येता मशीनवर जाऊन आली होती.

"याची झेरॉक्स काढ. आत्ताच."

मी काढली. पैसे घेतले नाहीत, तेव्हा तिने ते काउंटरवर आपटून ठेवले. मग ती तिसऱ्या शटरकडे गेली. कडक शर्टाची कॉलर दाबत होता. तिने स्लिप त्याच्यापुढे धरली.

"ठेव नीट."

कडकने इस्त्री उभी केली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तुझ्याजवळच राहू दे, आई."